पाटीवरील ‘मर्यादित’ हा शब्द

दुकानाच्या पाटीवरील शब्द आपण केवळ नाव म्हणून वाचतो. कायदा त्यांतील काही शब्द इशारा म्हणून वाचतो. ‘आणि कंपनी’ असे लिहिलेली पेढी पुष्कळदा कंपनी नसून भागीदारी असते. याउलट नावाच्या शेवटी आलेला ‘मर्यादित’ हा शब्द व्यवहार करणाऱ्याला सांगतो की, या संस्थेचे कर्ज बुडाले तरी मालकांच्या घरादारापर्यंत तुम्हाला पोहोचता येणार नाही. हा इशारा नेमका कोणाला लागू पडतो, हे पाहिले म्हणजे मालकीच्या चार प्रकारांतील भेद स्पष्ट होतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. किनवट तालुक्यातील इस्लापूर येथे तिघे जण प्रत्येकी ४ लाख रुपये घालून सोयाबीन खरेदी-विक्रीचा व्यवसाय उभारतात. यंत्रे तारण ठेवून ते बँकेकडून १० लाख घेतात आणि शेतकऱ्यांकडून ८ लाखांचा माल महिन्याच्या बोलीवर उधार घेतात. भाव कोसळतो, धंदा बसतो, यंत्रांचे ६ लाख येतात. देणे १८ लाखांचे; म्हणून १२ लाख कमी पडतात. ते कोणी सोसायचे?

व्यवसाय एकट्याचा असता तर सारे त्याच्याच अंगावर आले असते. कारण एकल मालकीत मालक आणि व्यवसाय यांत कायदा भेद करीत नाही. भागीदारीत देणे तिघांचे असते, पण समान वाटणीचे नव्हे. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार प्रत्येक भागीदार संपूर्ण देण्यास जबाबदार असतो. ज्याचे शेत रस्त्यालगत आहे, त्याच्या एकट्याकडूनही १२ लाख वसूल होऊ शकतात. इतर दोघांकडून त्यांचा वाटा मिळवणे हा मग त्याचा प्रश्न.

तोच व्यवसाय खासगी मर्यादित कंपनीचा असेल आणि भागांची रक्कम पूर्ण भरलेली असेल, तर भागधारक आपले ४ लाख गमावतात. त्यापुढे काही देत नाहीत. मात्र अशा लहान कंपनीला कर्ज देताना बँक सहसा संचालकांची वैयक्तिक हमी घेते. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसल्यास, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. म्हणून यंत्रांचे ६ लाख बँकेकडे जातात, उरलेले ४ लाख ती हमीदारांकडून घेते. आणि शेतकऱ्यांच्या ८ लाखांसाठी काहीच उरत नाही. ‘मर्यादित’ हा शब्द बँकेपुढे गळून पडतो आणि शेतकऱ्यापुढे मात्र भिंतीसारखा उभा राहतो.

सातत्याच्या कसोटीवर कंपनी उजवी ठरते. भागीदाराच्या मृत्यूने, करारात वेगळे ठरले नसेल तर, पेढी विसर्जित होते; दोघांच्याच पेढीत एक गेला तर करारही तिला वाचवू शकत नाही. कंपनीत भाग वारसाकडे जातात आणि कंपनी चालू राहते. सहकारी संस्थाही सभासदाच्या मृत्यूने संपत नाही.

भांडवलाचा विचार करता सहकारी संस्था वेगळी दिसते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे सभासदाला भाग कितीही असले तरी मत एकच, आणि लाभांशावर १५ टक्क्यांची कमाल मर्यादा. मोठा गुंतवणूकदार अशा ठिकाणी पैसा घालीत नाही. भांडवल अनेकांच्या लहान भागांतून आणि कर्जातून उभारावे लागते. उत्पादक कंपनीही दहा किंवा अधिक उत्पादकांना स्थापन करता येते. व्यक्ती सभासद असतील तर तिथेही प्रत्येकाला एकच मत असते.

माझे मत असे की, मालकीचा प्रकार निवडताना ‘कर कमी कशात?’ यापेक्षा ‘आपण कोणाचे देणे लागणार?’ हा प्रश्न आधी विचारावा. शंभर घरांचा माल उधारीवर घेऊन व्यवसाय चालणार असेल, तर ती घरे मालकीत असावीत. म्हणजेच सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी हा न्याय्य मार्ग ठरतो. तोटा तिथेही शेतकऱ्याला सोसावा लागेल. पण हिशेब पाहण्याचा आणि संचालक बदलण्याचा अधिकार त्याच्या हाती असेल. सभेला कोणी गेलेच नाही, तर मात्र हा अधिकार कागदावरच राहतो.

आणि तिघांचीच कंपनी असेल, तर माल देणाऱ्याने आधी दोन गोष्टी पाहाव्यात: भरणा झालेले भांडवल किती आणि मालमत्तेवर कोणाचे तारण आहे. कंपनीची ही माहिती कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळते. भांडवल तुटपुंजे आणि सारे तारण बँकेकडे असे दिसले, तर पाटीवरचा ‘मर्यादित’ हा शब्द आपल्यालाच उद्देशून लिहिला आहे असे समजावे आणि माल रोखीनेच द्यावा.