पुढचा पत्ता कुठे लिहायचा?

देवळ्यातून नाशिकला शिकायला जाणाऱ्या संगणकाच्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या वर्षाच्या आसपास मायक्रोप्रोग्राम्ड कंट्रोल युनिट भेटते. बहुतेकांची ही भेट वहीतल्या आकृतीपुरतीच राहते. ज्यांना ते ब्रेडबोर्डवर प्रत्यक्ष उभे करायचे असते, त्यांच्यासमोर पहिल्याच दिवशी एक निवड येते. रॉममधली एक ओळ संपली की पुढची कोणती, हे त्याच ओळीत लिहून ठेवायचे की काउंटरने आपला एकेक आकडा वाढवत जायचे? दोन्ही बाजूंनी वजनदार मुद्दे आहेत, म्हणून ही निवड सवयीवर सोडू नये.

मॉरिस विल्क्स यांनी १९५१ मध्ये मँचेस्टरला ही कल्पना मांडली तेव्हा त्यांनी पहिला मार्ग धरला होता. त्यांच्या आराखड्यात डायोडच्या दोन जाळ्या होत्या. एक जाळी यंत्राला काय करायचे ते सांगे आणि दुसरी पुढची ओळ कोणती ते. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे मानो यांचे पाठ्यपुस्तक मात्र दोन्ही मार्ग एकत्र ठेवते. त्यातल्या नमुना यंत्रात १२८ ओळींचा, २० बिट रुंदीचा रॉम आहे. त्या २० पैकी ७ बिट पत्त्याचे आहेत आणि शिवाय एक वाढवणारे सर्किटही आहे. शिकवायला ही मांडणी सोयीची आहे, पण आपण नेमके कशाचे पैसे मोजतो आहोत ते तिच्यात झाकले जाते.

म्हणून एक छोटे यंत्र घेऊ. ३२ ओळी, प्रत्येक ओळ १६ बिटांची. अशा ओळीला २८सी१६ जातीच्या दोन ईईप्रॉम चिप पुरतात. १६ पैकी ५ बिट पुढच्या पत्त्याला, २ बिट अटीला आणि ९ बिट नियंत्रणाच्या रेषांना. यंत्राला आज्ञा चारच: लोड, बेरीज, स्टोअर आणि ‘शून्य असेल तर उडी’. ॲड्रेस रजिस्टर म्हणून एक ७४एलएस१७४ चिप पुरते. तिच्यात सहा फ्लिपफ्लॉप असतात, आपल्याला पाचच लागतात.

फाटा फोडायची युक्ती साधी आहे. उडीच्या ओळीत पत्त्याच्या शेवटच्या बिटाशी शून्य-फ्लॅगचा ओआर करायचा. आज्ञा ओळखायच्या ओळीत रकान्यात १०००० लिहायचे आणि मधल्या दोन बिटांशी आज्ञेच्या सांकेतिक अंकाचा ओआर करायचा. मग चार आज्ञा आपोआप १६, २०, २४ आणि २८ या ओळींवर जाऊन पडतात. यासाठी तीन अँड गेट आणि तीन ओआर गेट, म्हणजे आणखी दोनच चिप. आज्ञा आणण्याचे आणि उडीचे टप्पे असे बसतात:

```
addr   cond  next   action
00000  -     00010  PC -> MAR
00010  -     00011  MEM -> IR, PC+1
00011  OP    10000
11100  Z     00000
00001  -     00000  IR -> PC
```

शून्यानंतर एक नव्हे तर थेट दोन, हे पाहणाऱ्याला चुकीचे वाटेल. पण ते मुद्दाम केले आहे. २८व्या ओळीवर फ्लॅग नसेल तर यंत्राला तडक शून्यावर, म्हणजे पुढची आज्ञा आणायला, जाता यावे. फ्लॅग असेल तर ओआरमुळे पत्ता एक होतो, म्हणून उडीचे काम एक नंबरच्या ओळीतच हवे. आज्ञा आणण्याचा दुसरा टप्पा तिथून उठवून दोनवर नेला की काम झाले. आज्ञा आणण्याचे टप्पे ०, १, २ असे क्रमाने ठेवले असते, तर उडीचे काम ९वर आणि ‘काहीच न करता परत जा’ अशी ओळ ८वर ठेवावी लागली असती, आणि न घेतलेल्या उडीला चारऐवजी पाच ठोके लागले असते. पत्त्याचा रकाना असल्यामुळे ओळ कुठेही हलवता येते. तिच्याकडे बोट दाखवणारा रकाना तेवढा बदलावा लागतो.

आता काउंटरची बाजू. ‘फ्लॅग नसेल तर शून्यावर, नाहीतर पुढच्या ओळीवर’ असे सांगितले की काउंटरवाले यंत्रही तेच काम चार ठोक्यांत करते. सम-विषम पत्त्याचे बंधन तिथे नाही, आणि रॉमची यादी वरून खाली सरळ वाचता येते. पत्त्याच्या रकान्याची मोठी उणीव म्हणजे नेमके हे सम-विषमचे बंधन. फाट्याचा मूळ पत्ता चुकून विषम लिहिला, समजा ८च्या जागी ९, तर फ्लॅग असो वा नसो, ओआरनंतर पत्ता ९च राहतो आणि उडी दर वेळी होते. प्रोग्राम वाचून ही चूक सापडत नाही. ॲड्रेस रजिस्टरवर पाच एलईडी लावून क्लॉक बटणाने एकेक ठोका द्यावा, तेव्हा कुठे तीच ओळ पुन्हापुन्हा पेटताना दिसते.

तरीही काउंटरचा खरा फायदा तेव्हाच मिळतो, जेव्हा प्रत्येक ओळीतला पत्ता काढून टाकता येतो आणि ते बिट दुसऱ्या कामाला लावता येतात. रकाना ठेवून वर काउंटरही लावला तर आपण दोन्हीकडून खर्च करतो. चिपच्या कारखान्यात हा हिशेब निर्णायक होता. १९७८ च्या इंटेल ८०८६ ने ५१२ ओळींचा, २१ बिटांचा रॉम वापरला, पत्ता वाढवत नेला आणि उडीला वेगळी ओळ दिली. पुढच्याच वर्षीच्या मोटोरोला ६८००० ने ओळीतच पुढचा पत्ता ठेवला. पण त्याचा भार पेलण्यासाठी रॉमचे दोन मजले केले. पत्ता असलेली ओळ १७ बिटांची अरुंद ठेवली आणि नियंत्रणाच्या ६८ बिटांच्या रुंद ओळी दुसऱ्या रॉममध्ये सामाईक केल्या. दोन्ही चिप चालल्या, म्हणजे एकच मार्ग बरोबर असे म्हणता येत नाही.

आपल्या टेबलावर मात्र हिशेब वेगळा आहे. ईईप्रॉम आठ-आठ बिटांच्या पटीतच मिळते आणि २०४८ जागांपैकी आपण ३२च वापरतो, त्यामुळे वाचवलेल्या जागेला मोल नाही. काउंटरने पाच बिटांचा पत्ता करायचा तर चार बिटांच्या ७४एलएस१६१ दोन लागतात. देवळ्यात बसून चिप मागवायची म्हणजे नाशिकची फेरी किंवा कुरिअरची वाट. तिथे एक चिप आणि तिच्या तारा कमी होणे ही खरी बचत आहे. म्हणून नियंत्रणाच्या रेषा नऊपर्यंत असतील तर पत्त्याचा रकानाच घ्यावा, असे आमचे मत आहे. रेषा दहावर गेल्या की तिसरी ईईप्रॉम घ्यावी लागते, आणि तेव्हा काउंटरचा विचार पुन्हा मोकळ्या मनाने करावा.

निवड कोणतीही केली तरी दोन गोष्टी सुटत नाहीत. पत्ता बदलल्यावर रॉमचे उत्तर स्थिर व्हायला १५० नॅनोसेकंदांच्या आसपास लागतात आणि तोवर बाहेरच्या रेषा वेड्यावाकड्या हलतात. रजिस्टरमध्ये लिहिण्याच्या रेषा क्लॉकच्या दुसऱ्या अर्ध्यात गेटमधूनच सोडल्या नाहीत, तर मधेच भलतेच काहीतरी लिहिले जाते.

दुसरी गोष्ट विजेची. लाईट जाऊन परत आली की ॲड्रेस रजिस्टर ३२ पैकी कोणत्याही आकड्यावर उठू शकते, म्हणून चालू होताना क्लिअरची पिन काही क्षण खाली धरणारे रिसेट सर्किट हवेच. पण रिसेट एखाद्या वेळी हुकते, आणि कोऱ्या ईईप्रॉममध्ये सगळे एकच भरलेले असतात. यंत्र रिकाम्या ओळीवर पडले तर पुढचा पत्ता ३१ निघतो. ३१शी कशाचाही ओआर केला तरी ३१च, त्यामुळे ते तिथून हलत नाही. पाचही एलईडी पेटून तशाच राहतात, आणि रेषा एकला चालू होणाऱ्या असतील तर सगळे बफर एकाच वेळी बसवर बोलू लागून चिपा तापतात. रिकाम्या ओळी शून्यांनी भरल्या, तर अशा ओळीवर पडलेले यंत्र एका ठोक्यात शून्य नंबरच्या ओळीवर परत येते. प्रयोगवहीत आकृतीइतकेच गुण या ३२ ओळींच्या पूर्ण तक्त्याला, रिकाम्या ओळींसकट, द्यायला हवेत.