बर्फाचा रंग बघता, मग सोडा मशीनची नळी कोण बघणार?

२०१८ मध्ये अन्न व औषध प्रशासनानं न खाण्याच्या बर्फात निळा रंग टाकायला लावला. तेव्हापासून बर्फ निळा की पांढरा, एवढं तरी लोक बघतात. पण उन्हाळ्यात आपल्या अनसिंगात पोरंसोरं जो सोडा पितात, तो मशीनच्या नळीतून येतो. ती नळी कोणालाच दिसत नाही. माझं म्हणणं तिच्याबद्दल आहे.

ऑरेंज मागितलं अन् जिऱ्याचा वास आला, तर घाबरायचं कारण नाही. मसाल्याचा वास प्लास्टिकच्या नळीत मुरतो, धुऊनही पूर्ण जात नाही. म्हणून जिऱ्याच्या नळीत दुसरा फ्लेवर भरूच नये, नाहीतर नळी बदलावी.

पण आंबूस वास आला तर गोष्ट वेगळी. तोटीच्या तोंडाशी सिरपचा चिकट थर राहतो अन् त्यावर जंतू वाढतात. थंडीनं ते मरत नाहीत, फक्त मंदावतात. लाइट गेली, मशीन गरम झालं की पुन्हा जोर धरतात. ओळखायचं कसं? तोटीच्या आतून पांढरं फडकं फिरवा. गुलाबी किंवा काळा बुळबुळीतपणा आला, तर ते मशीन धुतलेलं नाही.

धुणं अवघड नाही, पण क्रम चुकू नये. तोट्या रोज रात्री काढून कोमट पाण्यात ब्रशनं घासाव्या. आठवड्यातून एकदा सिरप काढून नळीत पाणी सोडावं, रंग अन् गोडी जाईपर्यंत. मग मशीनसाठीचं साबणाचं द्रावण दहा-पंधरा मिनिटं ठेवून नळी खळखळून धुवावी. जंतुनाशक त्यानंतरच. पाच टक्क्यांचं, सुवास नसलेलं क्लोरीन ब्लीच लिटरभर पाण्यात २ मिली घालून दहा मिनिटं नळीत ठेवावं, मग पिण्याच्या पाण्यानं वास जाईपर्यंत धुवावं. आधीच ब्लीच टाकलं तर ते साखरेच्या थरातच खर्ची पडतं, जंतूंपर्यंत पोचत नाही. रात्रभरही ठेवू नये, स्टील खराब होतं.

बोअरच्या जड पाण्यानं क्षार जमला असेल तर लिंबूसत्त्वानं तो आधी, वेगळा काढावा. लिंबूसत्त्व अन् ब्लीच एकत्र कधीच करू नये, विषारी वायू निघतो. बर्फाची पेटीही रोज रिकामी करून धुवावी, अन् बर्फ हातानं नाही, दांडीच्या डावानं काढावा.

गाडीवाल्यावर माझा राग नाही, त्याचं पोट त्यावर आहे. पण मशीन विकणाऱ्यानं हे पहिल्याच दिवशी करून दाखवलं पाहिजे. अन् ग्रामपंचायतीनं उन्हाळ्याआधी एवढंच ठरवावं : प्रत्येक मशीनवर नळ्या धुतल्याची तारीख लिहिलेली असावी. ग्लास हातात घ्यायच्या आधी आपण ती वाचायची. तारीख नसेल तर विचारायचं, "भाऊ, नळ्या कधी धुतल्या?"