उंबऱ्यावरचं पहिलं वाक्य

पेडणे तालुक्यात, मांद्रे गावात माझ्या मावसबहिणीचं घर आहे. मागच्या दोन खोल्या ती पाहुण्यांना भाड्याने देते. गेल्या गणपतीत गेलो तेव्हा तिने फोन पुढे केला. ‘बघ रे, लोक चॅट उघडतात आणि काही न लिहिताच जातात.’

वेबसाइटच्या कोपऱ्यातली चॅटची खिडकी उघडली की आपोआप वाक्य यायचं: ‘नमस्कार! आम्ही आपली काय मदत करू शकतो?’ वाक्यात चूक काही नाही. पण ते सरकारी कचेरीतल्या खिडकीसारखं आहे. समोरच्याने आपलं काम नीट मांडून सांगायचं, मग आपण बघणार. पाहुण्याला तर अजून स्वतःलाच ठाऊक नसतं की नेमकं काय विचारावं. म्हणून जे लिहायचे तेही नुसतं ‘हाय’ लिहायचे, आणि पुढे शांतता.

आपल्याकडे दारात आलेल्याला आधी ‘खंयसून आयलात?’ असं विचारतात. याचं उत्तर त्याला विचार न करता देता येतं. तेच धरून आम्ही लिहिलं: ‘मोपा विमानतळावर उतरणार की रेल्वेने येणार? घरापर्यंत कसं यायचं ते सांगते.’

चार दिवसांनी तिचा फोन आला. विमानवाले लिहू लागले होते. पण कोल्हापूर-बेळगावची मंडळी आपल्या गाडीने येतात, त्यांना या दोन्हींत जागाच नव्हती. मग ‘की आपल्या गाडीने?’ हे शब्द वाढवले.

दुसरी अडचण मला सुचलीच नसती. वाक्य देवनागरीत वाचून काहींना वाटायचं, उत्तरही देवनागरीतच द्यायला हवं. गोव्यात कितीतरी जण मराठी-कोकणी फोनवर रोमन अक्षरांत लिहितात. शेवटी जोडलं: ‘मराठी, कोकणी, इंग्रजी, कशातही लिहा. Roman madhe pan chalel.’ ते शेवटचे शब्द मुद्दाम रोमनमध्येच ठेवले.

ती रात्री दहाला झोपते. त्यामुळे दहानंतर वेगळं वाक्य येतं: ‘आत्ता लिहून ठेवा, सकाळी आठपर्यंत मी स्वतः उत्तर देते.’ आपोआप जाणाऱ्या वाक्याआधी हलणारे टिंब दाखवायची सोय होती, ती बंद केली. कुणी बसलंय असं भासवायचं आणि उत्तर मात्र सकाळी, हे मला पटत नाही. फोन नंबरही सुरुवातीला मागत नाही; तो दिसला की माणूस मागे सरतो.

हेच वाक्य तिच्या डिचोलीच्या नणंदेने उचललं, तिची खोली मये तळ्याजवळ आहे. तिथे ते चाललं नाही. तिथल्या पाहुण्याच्या मनात शंकाच वेगळी असते: समुद्र किती लांब? डिचोलीला किनारा नाही, मग लपवायचं कशाला? आता तिचं वाक्य आहे: ‘इथे तळं जवळ, समुद्र लांब. किती दिवस राहणार ते सांगा, दोन्ही कसं बसवायचं ते बघू.’

परवा बहिणीने विचारलं, वाक्य चालतंय हे ओळखायचं कसं? म्हटलं, किती जणांनी खिडकी उघडली ते राहू दे. नुसतं ‘हाय’ किती आणि खरा प्रश्न किती, ते वहीत लिही. दोन खोल्यांचे आकडे लहानच असणार, म्हणून पूर्ण हंगाम जाऊ दे. ती आता रोज रात्री, झोपण्याआधी, दोन रेघोट्या मारते.