रडू नका, हिशेब सांगा

गेली काही वर्षे आमच्या भागातल्या एका कथास्पर्धेच्या कथा माझ्याकडे वाचायला येतात. दर वर्षी त्यांत चार-पाच कथा बंद पडलेल्या दुकानाच्या असतात. कुणाचं किराणा दुकान, कुणाचं कापडाचं, कुणाची बेकरी. विषय आपल्या घरांतलाच आहे. बेळगाव असो, निपाणी असो की खानापूर, ज्याच्या नात्यात एखादं दुकान बुडालेलं नाही असा माणूस शोधावा लागेल. पण कथा वाचून संपली की मला राग येतो, आणि तो राग आज मोकळेपणानं सांगायचा आहे.

या कथा दोन जातींच्या असतात. पहिल्या जातीत वडील शटर ओढतात, शटरचा आवाज त्यांच्या काळजात घुमतो, आई पदर तोंडाला लावते आणि शेवटच्या ओळीत वडील जातात. दुसऱ्या जातीत दुकानदार हा एक नग असतो. तो कंजूष असतो, बोलताना अडखळतो, गिऱ्हाइकाशी दोन भाषांची खिचडी करून बोलतो आणि दिवाळीत त्याचं दिवाळं निघतं. ही कोटी तर मी आता मोजायचीच सोडून दिली आहे. पहिली कथा वाचून परीक्षकातले एक ज्येष्ठ डोळे पुसतात, दुसरी वाचून तरुण मंडळी हसतात, आणि बक्षीस त्या दोघींतच कुठंतरी जातं.

माझं म्हणणं असं की या दोन्ही कथांत दुकानच नसतं. खात्री करायची असेल तर सोपा उपाय आहे. किराणा दुकान खोडून तिथं सायकलचं दुकान लिहा. कथेतलं एकही वाक्य बदलावं लागलं नाही, तर लेखकानं दुकान पाहिलेलंच नाही. त्यानं फक्त दुःख पाहिलं, किंवा फक्त गंमत पाहिली.

मी हे परीक्षकाच्या खुर्चीवरून बोलत नाही. आमचा छापखाना होता. अण्णांनी १९६५ साली तो सुरू केला आणि १९९६ साली बंद केला. एक ट्रेडल मशीन, मराठी आणि कन्नड खिळ्यांच्या लाकडी केसी, दोन जुळारी. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं. निम्मं काम मराठी, निम्मं कानडी. छपाई झाली की जुळवलेले खिळे एकेक सुटे करून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे, हे काम जुळवण्याइतकंच किचकट. त्यात चूक झाली तर पुढच्या पत्रिकेत वराच्या जागी भलतंच काही छापून यायचं.

छापखाना का बुडाला, हे सांगायला मला अश्रू पुरणार नाहीत आणि त्यांची गरजही नाही. कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी सुरू झाली. ऑफसेटवर दोन रंगांची पत्रिका आमच्या एका रंगाच्या भावात मिळू लागली. कागद आम्ही उधारीवर घेत होतो आणि छपाई उधारीवर देत होतो. कागदवाल्याची उधारी दोन महिन्यांची, आमच्या गिऱ्हाइकांची देवाच्या भरवशाची. त्यातून निवडणुकीची हँडबिलं. अण्णा म्हणायचे, "निवडून आलेला भेटत नाही, आणि पडलेला भेटला की आपणच त्याला चहा पाजावा लागतो."

हा विनोद आहे आणि हेच आमच्या बुडण्याचं कारणही आहे. बुडणाऱ्या धंद्याच्या कथेतला खरा विनोद असा त्या धंद्याच्या वहीतून निघतो. लेखकानं वरून पेरलेल्या कोट्या वेगळ्या. त्या काढून टाकल्या तर कथेचं काही बिघडत नाही. अण्णांचं हे वाक्य काढलं, तर पैसे कुठं अडकले तेच वाचकाला कळणार नाही.

आता एकच प्रसंग घेऊ. खिळे मोडीत घालण्याचा दिवस. भंगारवाला काटा घेऊन दारात आला. एकूण खिळे ४१२ किलो, भाव किलोला २० रुपये. त्याचा माणूस केसी उचलून सरळ पोत्यात ओतू लागला. मराठी, कानडी, जे हाताला लागेल ते एकाच पोत्यात. आमचे थोरले जुळारी, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, पुढं झाले आणि म्हणाले, "मालक, मिसळू देऊ नका हो. परत लावायला दोन दिवस जातील की!"

क्षणभर कुणालाच काही सुचलं नाही. मग अण्णा हसले, भंगारवाला हसला, आणि आपण काय बोललो ते कळल्यावर मामाही हसले. हसता हसता त्यांचा हात रिकाम्या केसीच्या काठावर होता तो त्यांनी काढला नाही.

पहिल्या जातीच्या लेखकाला हा प्रसंग दिला तर तो अण्णांना एक खिळा छातीशी धरायला लावील आणि 'ही माझी लेकरं आहेत' असं म्हणायला लावील. दुसऱ्या जातीचा लेखक भंगारवाल्याची भाषा तोडकीमोडकी करील आणि मामांना वेंधळं दाखवील. दोघेही मामांचं वाक्य गमावतील. मामा वेंधळे नव्हते. बावीस वर्षं जे हात खिळे वेगळे करत होते, त्या हातांना धंदा संपल्याची बातमी अजून पोचली नव्हती, एवढंच. माणसाची सवय त्याच्या धंद्यापेक्षा चार दिवस जास्त जगते. हसू तिथून येतं आणि रडूही तिथूनच येतं. म्हणून दोन्हींचं माप वेगवेगळं घालावं लागत नाही.

चेखवचं 'द चेरी ऑर्चर्ड' १९०४ साली मॉस्को आर्ट थिएटरनं रंगभूमीवर आणलं तेव्हा हाच वाद झाला होता. चेखव त्या नाटकाला कॉमेडी म्हणत होता, स्तानिस्लावस्कीनं ते शोकांतिकेसारखं बसवलं, आणि चेखव नाराज झाला. त्यात वाडवडिलांची बाग लिलावात जाते. लिलावाहून परत आलेला गायेव रडतो आहे, पण त्याच्या हातात खारवलेल्या मासळीच्या पुड्या आहेत. बाग गेली तरी बाजार करायचा तो चुकलेला नाही. तेवढ्यात आतून बिलियर्डच्या चेंडूंचा आवाज येतो आणि त्याचं रडणं थांबतं. चेखव त्याची टर उडवत नाही आणि त्याच्यासाठी गळाही काढत नाही. पुड्या दाखवतो, आवाज ऐकवतो आणि बाजूला होतो. आपले लेखक नेमकं हे बाजूला होणंच विसरतात. विनोद झाला की पुढच्या वाक्यात 'पण त्या हसण्यामागं केवढी वेदना होती' असं लिहितात. ते वाक्य लिहिलं की आधीचं हसू आणि पुढचं रडू दोन्ही मेलं.

मग कशावरही हसायचं का? नाही. इथं मला विनोदवाल्यांशीही भांडायचं आहे. कागदाच्या एका जुन्या बिलापायी आईच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. एका हळदीकुंकवाला कुणीतरी विचारलं, "वहिनी, पाटल्या दिसत नाहीत?" आई म्हणाली, "छापायला दिल्यात. अजून प्रूफ आलं नाही." बायका हसल्या. आई हसली. पुढं मी एका कथेत हाच विनोद निवेदकाच्या, म्हणजे माझ्या, तोंडी घातला आणि वाचून मलाच लाज वाटली. आईच्या तोंडी ते स्वतःची अब्रू राखणं होतं. माझ्या तोंडी ती आईची चेष्टा झाली. शब्द तेच होते. तेव्हापासून मी एक गोष्ट पाळतो: हसण्याची किंमत कोण मोजतो ते आधी बघायचं. ज्याचं गेलं त्यानं हसावं. त्याच्यावर दुसऱ्यानं हसायचं असेल, तर त्या दुसऱ्याचंही काही गेलेलं असलं पाहिजे.

आपल्या भागातल्या लेखकाला आणखी एक मोह असतो, तोही सांगून टाकतो. दुकान बुडालं की दोष पलीकडच्या भाषेवर टाकायचा. दुकानदार मराठी हुतात्मा, त्याला बुडवणारा कानडी. आपल्या घरांत अशा कथेला टाळ्या हमखास मिळतात. पण आमच्या शेजारी ऑफसेट टाकलं ते आमच्याच भावकीतल्या माणसानं, आणि शेवटच्या वर्षी रोख पैसे देऊन पावतीपुस्तकं छापून घेत होता तो एक कानडी अडत्या. भाषेच्या अन्यायाची कथा लिहायची तर ती स्वतंत्र लिहा, खरी लिहा. बुडालेल्या दुकानावर तिचा फलक लावू नका. ४१२ किलोंच्या त्या पोत्यांत कुठला खिळा कुठल्या भाषेचा, हे काट्यानं विचारलं नव्हतं.

"दुःखाच्या घरी हसू नये," असं ते ज्येष्ठ परीक्षक मला म्हणाले होते. मी त्यांना विचारलं, "तुम्ही सुतकात कधी बसला नाहीत का?" तिसऱ्या दिवशी गेलेल्या माणसाची एखादी खोड कुणीतरी सांगतं आणि सगळं घर हसतं. त्या हसण्यानं दुःख कमी होत नाही. माणूस कोण होता ते त्या वेळी कळतं, आणि म्हणूनच ते गेल्याचंही पहिल्यांदा नीट कळतं.

आता आमचा हिशेब पुरा करतो. खिळ्यांचे ८,२४० रुपये आले. ट्रेडल तालुक्याच्या गावी ९,००० ला गेली. एकूण १७,२४०. दोन जुळाऱ्यांना तीन-तीन हजार दिले. राहिले ११,२४०. कागदवाल्याचे देणे ११,३००. साठ रुपये कमी पडले. कागदवाला भला माणूस, म्हणाला, "असू दे हो." अण्णांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी साठ रुपये नेऊन दिले आणि घरी येऊन आईला म्हणाले, "एकतीस वर्षांत फक्त साठ रुपयांचा तोटा. वाईट नाही."

भंगारवाल्यानं दिलेली चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. त्यावर त्यानं 'जूने खिळे' असं लिहिलं होतं. अण्णांनी कानावरची पेन्सिल काढून उकार ऱ्हस्व केला, समासात प्रुफाची खूण केली, आणि मग पैसे मोजून घेतले.