मास्टर कुठे आहे?

गेल्या महिन्यात एक तरुण व्हिडिओकार मोबाइल घेऊन आमच्या कार्यालयात आली. उकडीच्या मोदकाला कळ्या पाडतानाचा 42 सेकंदांचा व्हिडिओ होता, हातांवर सुंदर प्रकाश. तिने तो एका ॲपच्याच कॅमेऱ्याने शूट केला होता. अक्षरं तिथेच टाकली, गाणंही तिथल्याच यादीतून लावलं आणि पोस्ट केला. नंतर तोच डाउनलोड करून दुसऱ्या ॲपवर चढवला. तिथे एका कोपऱ्यात पहिल्या ॲपचा लोगो आणि तिचं नाव होतं, गाणं मात्र गायब. तिचा प्रश्न सरळ होता : ‘हा लोगो कशाने पुसू?’

आम्ही उलट विचारलं, ‘मास्टर कुठे आहे?’ मास्टर नव्हताच. खरी अडचण तिथे होती, लोगो हे फक्त तिचं लक्षण.

हा लोगो नडतो का, तर नडतो. 29 जून 2020 ला भारतात टिकटॉकवर बंदी आली. त्यानंतरच्या काही आठवड्यांत इथे इन्स्टाग्राम रील्स सुरू झालं, सप्टेंबरमध्ये यूट्यूब शॉर्ट्स आलं. अनेकांच्या फोनमध्ये जुनं काम उरलं होतं ते उड्या मारणाऱ्या लोगोसकट डाउनलोड केलेल्या प्रतींच्या रूपात. त्याच प्रती रील्सवर चढू लागल्या. फेब्रुवारी 2021 मध्ये इन्स्टाग्रामने जाहीर केलं, की दुसऱ्या ॲपचा लोगो किंवा वॉटरमार्क दिसणारी रील्स लोकांना कमी सुचवली जातील. 2022 मध्ये यूट्यूबनेही डाउनलोड केलेल्या शॉर्ट्सवर स्वतःची खूण उमटवायला सुरुवात केली. थोडक्यात, प्रत्येक दुकान आपल्या पिशवीवर आपलं नाव छापतं आणि दुसऱ्याची पिशवी घेऊन येणाऱ्याला मागच्या रांगेत बसवतं.

पुसण्याचे उपाय का फसतात, तेही पाहू. कापायचं म्हटलं, तर समजा खूण खालच्या 150 पिक्सेलच्या पट्टीत आहे. ती पट्टी छाटून चित्र पुन्हा 1920 उंचीला ताणायचं, तर सुमारे साडेआठ टक्के मोठं करावं लागतं. तेवढ्याने चित्राच्या कडा मऊ पडतात आणि बाजूने कळ्या पाडणारी बोटं कापली जातात. टिकटॉकसारखी खूण जागा बदलत असेल, तर दोन्ही टोकं छाटावी लागतात. धूसर करणारा फिल्टर लावला, तर लोगोच्या जागी डाग दिसतो. स्थिर पार्श्वभूमीवर तो खपून जाईल, पण हलत्या हातावर तो पाण्याच्या थेंबासारखा थरथरतो. शिवाय डाउनलोड झालेली फाइल आधीच ॲपने दाबलेली असते. आपण ती पुन्हा एक्स्पोर्ट करतो, दुसरं ॲप पुन्हा दाबतं. वाफेसारख्या नाजूक भागात चौकोनी ठिपके दिसू लागले, की समजावं हा तिसरा हात आहे.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच : खूण काढायची नाही, लागूच द्यायची नाही. ॲप हा शेवटचा थांबा, कारखाना नव्हे.

मोदकाचा व्हिडिओ आम्ही तिच्याकडून पुन्हा करून घेतला. शूट फोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्याने, उभा. टाइमलाइन 1080 × 1920, 30 फ्रेम. एडिटिंग ॲपच्या बाबतीत दोन गोष्टी आधीच पाहिल्या. इनशॉट, काइनमास्टर यांसारख्यांच्या मोफत आवृत्तीत एक्स्पोर्टवर त्यांची स्वतःची खूण येते, आणि काही ॲप शेवटी आपल्या नावाची दोन-तीन सेकंदांची पाटी गुपचूप जोडतात. ही पाटी टाइमलाइनच्या अगदी टोकाला असते. तिथपर्यंत सरकत न गेल्याने ती राहून जाते.

मग दोन एक्स्पोर्ट. एक अक्षरांसकट आणि एक कोरा, म्हणजे टीव्हीवाले ज्याला क्लीन फीड म्हणतात तसा. दोन्हींत आवाज फक्त तिचा आणि स्वयंपाकघराचा. अक्षरं ठेवताना मेटाने रील्सच्या जाहिरातींसाठी दिलेलं माप धरलं : वरचे 14 टक्के, खालचे 35 टक्के आणि दोन्ही बाजूंचे 6 टक्के मोकळे. म्हणजे वर साधारण 270, खाली 670 पिक्सेल सोडून मधले 980 आपले. हे माप कडक आहे, पण त्यात बसलेली अक्षरं इतर ॲपच्या बटणांखालीही सहसा दबत नाहीत.

गाणं शेवटी, प्रत्येक ॲपमध्ये जाऊन त्याच्याच यादीतून लावायचं. परवाना त्या ॲपपुरता असतो, म्हणूनच डाउनलोड केलेल्या प्रतीत गाणं गळू शकतं. इथे एक अडचण खरी आहे : कट ठेक्यावर बसवले असतील, तर दर ठिकाणी गाण्याची सुरुवात हाताने जुळवावी लागते. त्यासाठी एडिट करताना ते गाणं कच्चा ट्रॅक म्हणून ठेवा आणि एक्स्पोर्टपूर्वी म्यूट करा. कोणत्या सेकंदापासून गाणं घेतलं, ते फाइलच्या नावातच लिहून ठेवा. व्यावसायिक खात्यांना गाण्यांची यादी तोकडी मिळते. तिथे स्वतःच्या हक्काचं संगीत मास्टरमध्येच घालणं सोयीचं. यूट्यूबवर एक मिनिटाहून लांब शॉर्टमधल्या मजकुरावर कंटेंट आयडीचा दावा लागला, तर ती अडवली जाते, हेही ध्यानात असू द्या.

चढवण्याआधी तपासणी. ॲपमध्ये पाहू नका. तिथे बटणांच्या गर्दीत खूण लपते. संगणकावर एफएफएमपेग असेल, तर एका आज्ञेत दर सेकंदाची एक फ्रेम एका पानावर मांडता येते :

```
ffmpeg -i modak.mp4 -vf "fps=1,scale=180:-1,tile=7x7" -frames:v 1 sheet.png
```

व्हिडिओ 42 सेकंदांचा आणि घरं 49. जास्तीची घरं मुद्दाम ठेवली आहेत. शेवटी पाटी चिकटली असेल, तर ती तिथे उघडी पडते. कोपऱ्यातून कोपऱ्यात उडणारा लोगोही या पानावर लगेच नजरेत भरतो. ज्यांच्याकडे फक्त फोन आहे, त्यांनी गॅलरीत व्हिडिओ उघडून बोटाने सावकाश शेवटपर्यंत सरकवावा.

आमच्या पाहुणीची तपासणी साफ निघाली, तरी एक खूण उरलीच होती. शेवटच्या वाक्यात ती म्हणत होती, ‘रेसिपीची लिंक बायोमध्ये आहे.’ यूट्यूबच्या प्रेक्षकाला हा बायो कुठला? हाही वॉटरमार्कच, फक्त कानाला ऐकू येणारा. वाक्य बदललं : ‘रेसिपी खाली लिहिली आहे.’ मग ती प्रत्येक ठिकाणी खाली लिहिलीही.

जुन्या कामाचं काय? आधी गॅलरीतले कच्चे तुकडे शोधा, मग ड्राफ्ट. इन्स्टाग्रामचे ड्राफ्ट फोनमध्येच असतात. ॲप काढून टाकलं की तेही जातात. व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवलेली प्रत आधीच दाबलेली असते, डॉक्युमेंट म्हणून पाठवली असेल तरच ती कामाची. आपल्या खात्यातल्या माहितीची प्रत मागवण्याची सोय इन्स्टाग्राम आणि गूगल दोन्हींकडे आहे. तिच्यातून मिळणारी फाइलही वरच्या पानावर मांडून पाहा. काहीच हाती लागलं नाही, तर व्हिडिओ पुन्हा शूट करणंच स्वस्त पडतं.

खूण दुसऱ्याच्या व्हिडिओवर असेल, तर हा प्रश्न तंत्राचा राहत नाही. निर्मात्याची ओळख सांगणारी माहिती जाणूनबुजून, परवानगीशिवाय काढणं 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम 65ब खाली गुन्हा आहे आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंतची. तिथे पुसण्याआधी विचारायचं असतं.

मोदकांची दुसरी खेप पहिलीपेक्षा सुबक झाली. तिच्या फोनमध्ये आता ‘मास्टर’ नावाचं फोल्डर आहे आणि त्यात दोनच फाइल आहेत.