जर्मनमधला 'न' आणि आपलं सामान्यरूप

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, जर्मन शिकणारी मुलं काही पुल्लिंगी नामांपाशी हमखास अडखळतात. या नामांना प्रथमा एकवचन सोडून सगळ्या विभक्तींत 'न' किंवा 'एन' लागतो. बहुतेक ठिकाणी हा नियम 'अपवादांची यादी' म्हणून पाठ करायला देतात. माझं मत असं, की मराठी मुलांना ही यादी द्यायची गरज नाही. त्यांना सामान्यरूप येतं, तिथूनच सुरुवात करावी.

'मुलगा' हा शब्द घ्या. 'मुलगा आला', पण 'मुलग्याला', 'मुलग्याचा'. कर्ता असताना एक रूप आणि प्रत्यय लागताना दुसरं. जर्मनमध्ये मुलगा म्हणजे 'युंगे'. कर्ता असेल तर 'डेअर युंगे'. पण मुलग्याला पाहिलं तर 'डेन युंगेन', मुलग्याला दिलं तर 'डेम युंगेन', मुलग्याचं असेल तर 'डेस युंगेन'. अनेकवचनातही 'युंगेन'च.

आता वाक्य बघा. माकड म्हणजे 'आफे'. 'डेअर युंगे झीट डेन आफेन' म्हणजे मुलगा माकडाला पाहतो. शब्द उलटे करा: 'डेन आफेन झीट डेअर युंगे'. तरी पाहणारा मुलगाच! मराठीतही 'माकडाला मुलगा पाहतो' म्हटलं तरी अर्थ तोच राहतो. इंग्रजीतून शिकवलं की नेमकं हेच हरवतं, कारण तिथे नामाचं रूप बदलत नाही आणि शब्दांची जागा बदलली की अर्थच बदलतो.

पण तुलना इथेच थांबवा, नाहीतर मूल सगळ्याच नामांना 'न' लावत सुटेल. वडील म्हणजे 'फाटर'. तिथे 'डेन फाटर' एवढंच होतं, बदलतो तो फक्त आधीचा शब्द. 'न' लागतो तो मुख्यतः 'ए'ने संपणाऱ्या, माणूस किंवा प्राणी दाखवणाऱ्या पुल्लिंगी नामांना आणि 'श्टुडेंट', 'टुरिस्ट' अशा शेवटावर जोर असलेल्या परक्या शब्दांना. 'मेन्श' (माणूस), 'हेर' (गृहस्थ) असे थोडे छोटे शब्द मात्र लक्षात ठेवावे लागतात. नुसत्या 'ए'वर जाऊ नका. 'केझे' म्हणजे चीज, पुल्लिंगीच, पण त्याला हा 'न' लागत नाही.

शंका आली तर शब्दकोशात षष्ठीचं रूप बघायला सांगा. तिथे 'स' दिसला तर साधं नाम, नुसता 'न' किंवा 'एन' दिसला तर या गटातलं. ('नामे', म्हणजे नाव, हा शब्द 'नामेन्स' असा दोन्ही लावतो, तो वेगळा सांगावा.) बोलताना खुद्द जर्मन लोकही कधीकधी 'डेन श्टुडेंट' म्हणून जातात, पण लेखी परीक्षेत 'डेन श्टुडेंटेन'च हवं.

म्हणून वहीत नाम लिहिताना मुलांना दोन रूपं लिहायची सवय लावा: 'डेअर आफे, डेस आफेन'. मराठीच्या तासाला आपण 'घोडा, घोड्या-' लिहून घेतो, तसंच.