आधी गळका फ्लश थांबवा, मग दोन बटणांचं कौतुक करा



बारामती-इंदापूरकडे घर नवं करताना जुनी एका फ्लशची टाकी काढून दोन बटणांची बसवायचं खूळ आलंय. "पाणी वाचतं," असं दुकानदार सांगतो. वाचतं, पण टाकी गळत नसेल तरच.

हिशोब मांडूया. घरात पाच माणसं, प्रत्येकाची दिवसातून पाच वेळा, त्यातली एकदाच मोठी. जुन्या दहा लिटरच्या टाकीला 250 लिटर लागतात. सहा आणि तीन लिटरच्या दोन बटणांना 90. म्हणजे रोज 160 लिटर वाचले. आता हीच नवी टाकी मिनिटाला फक्त अर्धा पेला, म्हणजे 100 मिली गळू लागली, तर चोवीस तासांत 144 लिटर गेले! भांड्याच्या मागच्या भिंतीवरून एवढी बारीक धार वाहिली तर आवाजही येत नाही. आपण प्यायचं पाणी गाळून घेतो, अपकाय जीवांची काळजी करतो, आणि संडासात रात्रभर पाणी वाहतं ते कुणी बघत नाही.

प्लंबर येतो आणि "अख्खी टाकीच बदला" म्हणतो. त्याआधी झाकण उघडा. पाणी मधल्या उभ्या नळीच्या तोंडातून आत पडत असेल, तर दोष फ्लोटचा. त्याचा स्क्रू फिरवून किंवा दांडी खाली वाकवून पाणी नळीच्या तोंडाखाली इंचभर थांबवा. तरीही चढत राहिलं तर बॉलकॉकचा वायसर गेलाय.

पाणी नळीपर्यंत पोचतच नसेल, तर टाकीत चिमूटभर खायचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. रंग भांड्यात उतरला की समजा, तळाचा वायसर गळतोय. दोन बटणांच्या टाकीत हेच जास्त होतं, कारण सगळं पाणी त्या एका रबरी कड्यावर अडलेलं असतं. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर त्यावर बसला की ते नीट टेकत नाही.

अँगल कॉक बंद करा, टाकी रिकामी करा. बहुतेक टाक्यांत मधला मनोरा पाव वळसा फिरवला की निघतो. कडं काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवा, बसायची जागा फडक्याने पुसा. ॲसिड मात्र नको, रबर खराब होतं. कडं कडक झालं असेल किंवा चिरलं असेल तर ते सोबत घेऊन दुकानात जा, म्हणजे मापाचंच मिळेल. एवढ्यासाठी टाकी बदलायची गरज नाही.

आणि जुन्या भांड्यावर नवी टाकी बसवणार असाल, तर आधी चौकशी करा. दहा लिटरचं भांडं सहा लिटरमध्ये साफ होत नाही, मग दोनदा दाबावं लागतं, म्हणजे बारा लिटर. भिंतीत लपवलेली टाकी घ्यायची असेल, तर बटणाची पट्टी काढून आत हात जातो का, ते फरशी बसवायच्या आधी मिस्त्रीसमोर बघून घ्या.